चूकभूल द्यावी-घ्यावी, पण कुणाकडे?

बिलाच्या तळाशी, सहीच्या जागेशेजारी, बारीक अक्षरांत ‘चू. भू. दे. घे.’ छापलेलं असतं. चूकभूल देणे-घेणे. चूक तुमची असो नाहीतर आमची, ती दुरुस्त होईल, एवढाच त्याचा अर्थ. पण कुणाला सांगायची, किती दिवसांत, आणि दुरुस्त झाली हे कळणार कसं, याबद्दल बिल काही बोलत नाही. ठोक औषधविक्रीच्या एका पेढीत हिशेबाच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली. दुकानदारांशी झालेली बहुतेक भांडणं याच न छापलेल्या भागावरून झाली आहेत.

शहरातल्या मेडिकल दुकानात आपण गोळ्यांची पट्टी मागतो आणि ती मिळते. तिथवर ती येते कंपनीकडून स्टॉकिस्टकडे आणि स्टॉकिस्टकडून दुकानदाराकडे. शेवटचा हा टप्पा जवळजवळ सगळा उधारीवर चालतो. नवं दुकान उघडलं की दुकानदार दहा-बारा स्टॉकिस्टांकडे खातं उघडायला अर्ज करतो. कागद तपासले जातात, कुणीतरी बाजारात चौकशी करतं, आणि एके दिवशी फोन जातो, ‘तुमचं खातं मंजूर झालं, ऑर्डर पाठवा.’ बस्स. कित्येक ठिकाणी स्वागत एवढ्यावरच संपतं. काही पेढ्या दोन पानी इंग्रजी अटी पाठवतात, दुकानदार त्यावर सही करतो आणि ते कागद गल्ल्याखालच्या खणात जातात. आमच्याकडेही तसंच होतं. मग आम्ही एक पानी मराठी पत्र लिहायला घेतलं. त्या एका पानाला तीन महिने लागले, कारण प्रत्येक वाक्य लिहिताना आमच्याच लक्षात यायचं की हे नेमकं कसं होतं, ते आपल्यालाही ठाऊक नाही.

पत्राची सुरुवात आधी ‘आपल्यासारखे सन्माननीय ग्राहक लाभले याचा आम्हांस मनस्वी आनंद होत आहे’ अशी होती. ती मी काढली. जुने मालक थोडे खट्टू झाले. आता पहिलं वाक्य असं आहे: ‘तुमच्या दुकानाला ६० हजार रुपयांपर्यंत आणि बिलाच्या तारखेपासून २१ दिवसांपर्यंत उधारी मंजूर झाली आहे. या दोन्हींपैकी एकही मर्यादा ओलांडली, तर नवं बिल निघत नाही.’ रक्कम आणि दिवस प्रत्येक दुकानाचे वेगळे असतात, पण वाक्य तेच. त्यात ‘दोन्हींपैकी एकही’ हे शब्द ठळक छापलेले आहेत. ते का, ते पुढे येईलच.

त्याच्या खालीच एक गोष्ट लिहावी लागते, जी औषधांच्या धंद्यातच लागू पडते. मंजुरी माणसाला मिळालेली नसते, जागेला मिळालेली असते. औषधं आणि सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आणि त्याखालचे नियम १९४५ चे. किरकोळ विक्रीचे परवाने नमुना २० आणि २१ मध्ये मिळतात आणि त्यांवर दुकानाचा पत्ता असतो. ठोक विक्रेत्याने परवाना नसलेल्याला माल विकायचा नाही, आणि बिलावर घेणाऱ्याचा परवाना क्रमांक, प्रत्येक औषधाचा बॅच नंबर लिहायचा, हे बंधन आहे. एका दुकानदाराने भाडं वाढलं म्हणून दुकान दोन गाळे सोडून पलीकडे हलवलं. पाटी तीच, माणूस तोच, फ्रिजही तोच. पण नव्या गाळ्याचा परवाना हातात नव्हता, त्यामुळे माल थांबला. तो म्हणाला, “पन्नास पावलांचा तर प्रश्न आहे!” पावलांचा नव्हताच. म्हणून आता पत्रात लिहितो: दुकान हलवायचं असेल किंवा फार्मासिस्ट बदलणार असेल, तर आधी आम्हाला कळवा, परवान्यातली दुरुस्ती झाल्याशिवाय आम्हाला बिल काढता येत नाही.

ऑर्डर कशी द्यायची हा सगळ्यात सोपा भाग वाटतो आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. आमच्याकडे ऑर्डर तीन वाटांनी येते. फोनवर, व्हॉट्सॲपवर, किंवा आमचा माणूस दुकानात जाऊन घेतो. सकाळी ११ पर्यंत आलेली दुपारच्या गाडीने, संध्याकाळी ६ पर्यंत आलेली दुसऱ्या दिवशी सकाळी. हे सांगायला एक ओळ पुरते. खरी जागा द्यावी लागते ती औषधाच्या नावाला.

रक्तदाबाचं टेल्मिसार्टन हे औषध घ्या. ४० मिलिग्रॅमची साधी गोळी असते आणि ‘४० एच’ नावाची दुसरी असते. त्या ‘एच’मध्ये हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवीवाटे पाणी काढणारं आणखी एक औषध मिसळलेलं असतं. फोनवर, मागे रस्त्यावर ट्रक जात असताना, तो ‘एच’ ऐकूच येत नाही. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचंही तसंच. साधी गोळी आणि हळूहळू विरघळणारी ‘एसआर’ यांत शेवटची दोन अक्षरंच काय ती वेगळी. पॅरासिटामोल ५०० आणि ६५० हा घोळ तर रोजचा. दुकानदाराने बोललेला ‘एच’ आमच्या मुलाला ऐकू आला नाही, तर चूक कुणाची? याचा निकाल लागणार नाही, कारण फोनवरच्या बोलण्याचा कागद नसतो. म्हणून पत्रात लिहिलं आहे: फोनवर दिलेली ऑर्डर आमचा माणूस तुम्हाला वाचून दाखवेल, ताकद आणि शेवटचं अक्षर यांसह. तो वाचून दाखवत नसेल तर ‘वाच’ म्हणा. गर्दीच्या वेळी आमची मुलं हे टाळायला बघतात, हे मी इथे कबूल करते.

दुसरा गोंधळ मोजणीचा. ‘दहा पाठवा’ म्हणजे दहा पट्ट्या की दहा बॉक्स? एका बॉक्समध्ये दहा पट्ट्या, एका पट्टीत कधी दहा गोळ्या, कधी पंधरा. जुना दुकानदार ‘दहा’ म्हणाला की आमच्या मुलाला ठाऊक असतं, पट्ट्या. नव्याच्या बाबतीत तो अंदाज बांधतो. एका नव्या दुकानाला आम्ही एका आम्लपित्ताच्या गोळीचे दहा बॉक्स पाठवले होते. त्याला दहा पट्ट्या हव्या होत्या. त्याने माल परत घ्या म्हटलं, आम्ही घेतला, पण तोवर त्याच्या ६० हजारांच्या मर्यादेतला मोठा तुकडा त्या बॉक्सांनी खाल्ला होता आणि संध्याकाळची इन्सुलिनची ऑर्डर अडकली. पत्रातली सूचना आता अशी आहे की पहिले तीन महिने आकड्यापुढे ‘पट्टी’ किंवा ‘बॉक्स’ लिहाच.

आणि मग स्कीम. ‘१०+१’ म्हणजे दहा घेतल्या की एक फुकट. समजा एका पट्टीची छापील किंमत १०५ रुपये आहे. त्यात ५ टक्के जीएसटी धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवर हाच दर आहे, त्याआधी बऱ्याच औषधांवर १२ टक्के होता. कर बाजूला काढला की १०० रुपये उरतात. किमतीवर सरकारी नियंत्रण नसलेल्या औषधांत दुकानदाराचा वाटा २० टक्के धरायची रीत आहे, म्हणजे त्याला ती ८० रुपयांना पडते, वर ४ रुपये कर. बिलावर ८४. दहा घेतल्या तर करापूर्वीचे ८०० रुपये आणि हातात अकरा पट्ट्या.

पण छोट्या दुकानाला दहा नको असतात, पाच हव्या असतात. मग तो म्हणतो, ‘हाफ स्कीम द्या.’ अर्धी पट्टी कापून देता येत नाही, म्हणून दर कमी करून देतात. तो दहा टक्के सूट धरतो आणि पाच पट्ट्यांचे ३६० रुपये मोजतो. आमचा संगणक ३६३ रुपये ६४ पैसे दाखवतो. कारण अकरा पट्ट्या ८०० रुपयांना पडल्या तर एक पट्टी ७२ रुपये ७३ पैशांना पडते, आणि ही ८० वरची सूट ९.०९ टक्के होते, दहा नव्हे. फुकटची पट्टी दहांतली नसून अकरांतली आहे. या साडेतीन रुपयांवरून मी लोकांना तावातावाने बोलताना ऐकलं आहे, आणि दर वेळी त्यांचा राग खरा असतो, कारण त्यांना वाटतं की आपल्याला कमी देऊन फसवलं. हे गणित आम्ही पत्राच्या मागच्या बाजूला छापलं. त्यानंतर ते फोन आले नाहीत.

आता पैशांकडे येते. इथे एक हकिकत सविस्तर सांगते, कारण पत्रातला पैशांचा सगळा परिच्छेद या एका हकिकतीतून निघाला आहे. तालुक्याच्या गावचं एक नवं मेडिकल. मर्यादा ६० हजार, मुदत २१ दिवस. महिन्याच्या २ तारखेला त्याचं पहिलं बिल झालं १८,६४० रुपयांचं. ९ तारखेला १४,२१० आणि १६ तारखेला ११,३५०. माणूस व्यवहाराला स्वच्छ. २० तारखेला, म्हणजे मुदतीच्या तीन दिवस आधी, त्याने १८ हजार रुपये यूपीआयने पाठवले.

२४ तारखेला सकाळी त्याची ऑर्डर आली आणि संगणकाने बिल काढायला नकार दिला. खातं लाल. त्याचा फोन माझ्याकडे आला.

“ताई, माझ्याकडे तुमचे सव्वीस हजारसुद्धा नाहीत. साठ हजारांची लिमिट दिलीय ना? मग खातं का बंद केलं?”

मी लेजर उघडलं. येणं २६,२०० दाखवत होतं. त्याचा हिशेब जवळपास बरोबर होता. पण २ तारखेच्या बिलाचे ६४० रुपये बाकी होते आणि त्या बिलाची मुदत २३ ला संपली होती. २६ हजारांनी त्याला अडवलं नव्हतं. त्या ६४० रुपयांनी अडवलं होतं.

“ते सहाशे चाळीस मी कापून घेतले. आठ पट्ट्या कमी आल्या होत्या. सांगितलं होतं की तेव्हाच.”

“कुणाला सांगितलंत?”

“माल घेऊन आलेल्या पोराला.”

तो पोरगा त्या दिवशी बावीस दुकानं करून परतला होता. त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि त्याला आठवतही नव्हतं. माझ्या टेबलावर त्या आठ पट्ट्यांचा मागमूस नव्हता. माझ्या दृष्टीने एका दुकानदाराने कारण न देता ६४० रुपये कमी भरले होते. त्याच्या दृष्टीने त्याने तक्रार केली, न्याय्य रक्कम कापली आणि वेळेआधी पैसे भरले. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होतो.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. आम्ही गोदामात तपासलं. आठ पट्ट्या खरंच कमी गेल्या होत्या. दर ८० रुपये, म्हणून त्याने आठ गुणिले ऐंशी केले आणि ६४० कापले. पण बिलात त्या पट्ट्यांवर ५ टक्के कर लागलेला होता. त्याचं खरं येणं होतं ६७२. स्वतः कापून घेताना त्याने स्वतःचेच ३२ रुपये सोडले होते. रीतसर तक्रार केली असती तर ६७२ ची क्रेडिट नोट मिळाली असती, तिच्यावर बिलाचा क्रमांक असता, ती आमच्या जीएसटी विवरणात गेली असती आणि पुढच्या महिन्यात त्याच्या जीएसटी खात्यातही दिसली असती. कापून घेतलेल्या पैशांना असा कुठलाच कागद नसतो. आमच्या वहीत कर पूर्ण भरलेला, त्याच्या वहीत परतावा पूर्ण घेतलेला आणि मध्ये आठ पट्ट्या गायब. शिवाय बिलातली न भरलेली रक्कम १८० दिवस तशीच राहिली, तर तेवढ्या भागावरचा घेतलेला परतावा व्याजासकट परत करावा लागतो. आठ पट्ट्यांसाठी हे फार झालं.

तेव्हापासून पत्रात असं लिहितो: ‘बिलातून स्वतः कापू नका. तक्रार नोंदवा आणि तिचा नंबर घ्या. नंबर मिळाला की तेवढी रक्कम वादातली म्हणून आम्ही बाजूला ठेवतो आणि तिच्यामुळे तुमचं खातं अडत नाही. बाकीचं बिल मुदतीत भरा.’ हे वाक्य लिहून घ्यायला मला मालकांशी आठवडाभर हुज्जत घालावी लागली. त्यांचं म्हणणं, लोक खोट्या तक्रारी टाकून मुदत वाढवून घेतील. दोघा-तिघांनी घेतलीही. पण तसे दोघे-तिघे कुठल्याही नियमाखाली सापडतातच.

त्या हकिकतीत आणखी एक बारकावा होता, तो फोनवर निघालाच नाही. त्याने १८ हजार पाठवले, पण कुठल्या बिलापोटी ते लिहिलं नव्हतं. आम्ही ते सगळ्यात जुन्या बिलाला लावले. लावायचा अधिकार कुणाचा? १८७२ च्या भारतीय करार कायद्यात याचं उत्तर आहे, कलम ५९ ते ६१ मध्ये. देणारा पैसे देताना सांगेल की हे अमुक देण्यापोटी, तर घेणाऱ्याने ते स्वीकारल्यावर त्याच देण्याला लावायचे. देणारा काही बोलला नाही आणि परिस्थितीवरूनही ते दिसत नसेल, तर घेणाऱ्याची मर्जी. दोघांनीही काही ठरवलं नाही, तर तारखेच्या क्रमाने, जुनं आधी. दीडशे वर्षांहून जुना कायदा आहे, पण यूपीआयच्या ‘नोट’च्या चौकटीत बिल नंबर लिहिला की तो देणाऱ्याच्या बाजूने उभा राहतो. चार आकडे टाइप करायचे. एनईएफटी केली असेल तर यूटीआर नंबर आणि बिल नंबर आम्हाला व्हॉट्सॲप करायचे. हे केलं नाही तर बँकेच्या उताऱ्यावर फक्त एक रक्कम आणि एक अर्धवट नाव दिसतं, आणि एकाच आडनावाची आमच्याकडे चार दुकानं आहेत.

रोखीबद्दल पत्रात एकच ओळ आहे: एका दिवसात दहा हजारांहून जास्त रोख देऊ नका, कारण आयकरात तो खर्च तुमच्या वजावटीत धरला जात नाही, आणि आमच्या माणसाला रोख दिलीत तर छापील पावती घेतल्याशिवाय त्याला दुकानाबाहेर जाऊ देऊ नका. हे आमच्याच माणसाबद्दल लिहायला विक्रीवाल्यांचा विरोध होता. पण पावतीशिवाय दिलेली रोख कुठे गेली हे शोधण्यात मी घालवलेले दिवस त्यांनी घालवले नव्हते.

मुदतीचे दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे की माल पोचल्यापासून, हेही लिहावंच लागतं. आमच्याकडे बिलाच्या तारखेपासून. शनिवारी रात्री बिल निघालं आणि माल सोमवारी पोचला, तर दुकानदाराचे दोन दिवस जातात. हे त्याच्यावर अन्यायाचं आहे असं मला वाटतं, पण संगणक बिलाची तारीख ओळखतो, पोचल्याची नाही. निदान आधी सांगून टाकलं की तो फसवल्यासारखा होत नाही.

उरली तक्रार. सगळ्या तक्रारी एका रांगेत उभ्या केल्या की काहींना फार उशीर होतो आणि काहींची उगाच घाई होते. पत्रात आम्ही त्या घड्याळावरून वेगळ्या केल्या आहेत.

मोजणीची तक्रार, म्हणजे कमी आलं, दुसरंच आलं, बाटली फुटलेली आली, दर चुकला, स्कीमची पट्टी आली नाही, ती ४८ तासांत. बिल नंबर, औषधाचं नाव, बॅच आणि फोटो एवढं व्हॉट्सॲपवर पाठवलं की तक्रारीचा नंबर उलट येतो. नंबर आला नाही तर तक्रार पोचलेली नाही, असं समजायचं. आमच्याकडून उत्तर कामकाजाच्या तीन दिवसांत. नाही मिळालं तर मालकांचा नंबर खाली दिलेला आहे. ४८ तास हा आकडा आम्ही गोदामाच्या सोयीने ठरवला. दोन दिवसांपर्यंत खोकी भरणाऱ्या मुलाला आठवतं आणि रॅकवरची मोजणी जुळवून बघता येते. आठवड्याने काहीच बघता येत नाही, मग विश्वासावर द्यायचं किंवा अविश्वासावर नाकारायचं एवढंच हातात राहतं.

थंड मालाचं घड्याळ याहून कडक. इन्सुलिन आणि बऱ्याच लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हव्यात. आमचा मुलगा थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या घालून आणतो. त्याच्यासमोर डबा उघडायचा. पिशव्या पूर्ण वितळून कोमट झाल्यात का बघायचं. आणि उलटंही बघायचं, इन्सुलिनची खोकी बर्फाला थेट चिकटली आहेत का. लोकांना वाटतं जितकं गार तितकं चांगलं. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला पूर्ववत दिसलं तरी वापरायचं नसतं, आणि दुकानाच्या काउंटरवरून ते ओळखता येईलच असं नाही. शंका आली तर तिथेच परत पाठवायचं. एकदा तुमच्या फ्रिजमध्ये गेलं की आम्ही ते परत घेत नाही. यात वाद घालणारे बरेच असतात. पण परत आलेली कुपी मधल्या काळात कुठे होती हे आम्हाला ठाऊक नसतं, आणि ती आम्ही पुढच्या दुकानाला विकावी, असं त्यांनाही वाटत नसतं.

मुदत संपलेल्या मालाची गोष्ट यात मिसळायची नाही. ती तक्रार नव्हे. प्रत्येक कंपनीचे परतीचे नियम वेगळे असतात, म्हणून तो माल महिन्यातून एकदा वेगळ्या यादीसह घेतो आणि कंपनीकडून मान्य झाल्यावर क्रेडिट देतो. त्याला वेळ लागतो. ‘किती?’ असं विचारलं तर पत्रात प्रामाणिकपणे ‘कंपनीवर अवलंबून’ एवढंच लिहिलं आहे.

आणि शेवटची, जिला घड्याळ नाही. गोळीचा रंग बदललेला, पट्टी उघडताच भुगा, सिरपमध्ये तळाशी गाळ, किंवा नेहमीच्या पेशंटने परत येऊन सांगितलं की या खेपेच्या गोळ्या लागू पडत नाहीत. दुकानदाराची पहिली प्रवृत्ती अशी पट्टी मुदत संपलेल्या मालाच्या पिशवीत टाकण्याची असते. पैसे परत मिळतात, विषय संपतो. तिथेच घोळ होतो, कारण त्याच बॅचच्या पट्ट्या आमच्या रॅकवर आणि आणखी चाळीस दुकानांत असू शकतात. म्हणून पत्र सांगतं: विक्री थांबवा, उरलेला माल बाजूला ठेवून त्यावर ‘विकू नये’ असं लिहा, बॅच नंबर आम्हाला लगेच फोनवर आणि लेखी कळवा. आम्ही आमच्याकडची ती बॅच थांबवतो, बिलांवरून ती कुठे कुठे गेली ते काढतो आणि कंपनीला कळवतो. बिलावर बॅच लिहिण्याची सक्ती आहे, तिचा उपयोग त्या दिवशी कळतो. अन्न व औषध प्रशासनाच्या औषध निरीक्षकाकडे तुम्ही थेट जाऊ शकता. पेशंटलाही कायद्याने ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून औषध तपासून घेण्याची सोय आहे. आणि याखाली, ठळक अक्षरांत: ‘तुम्ही प्रशासनाकडे गेलात म्हणून तुमचं खातं बंद होणार नाही.’ एका दुकानदाराने मला विचारलं, हे वेगळं लिहायची काय गरज? त्याने धंदा नुकताच सुरू केला होता.

आठ पट्ट्यांवाल्या त्या दुकानदाराचं खातं त्याच दुपारी मोकळं झालं. ६७२ ची क्रेडिट नोट निघाली, ६४० जुन्या बिलाला लागले आणि ३२ पुढच्या बिलात वळते झाले. मी त्याला नव्या पत्राची प्रत पाठवली, तोवर त्याला इंग्रजी अटीच मिळालेल्या होत्या. त्याने उत्तर पाठवलं नाही.

पुढच्या महिन्यात एका रात्री पावणेदहाला तक्रारीच्या नंबरवर त्याचा फोटो आला. उघडा खोका, शेजारी बिल, आणि खाली मराठीत टाइप केलेलं: ‘बिल ४४१७. २ पट्ट्या कमी. १६८ रु. करासहित. नंबर द्या.’ सकाळी गोदामातल्या मुलाला रॅक मोजायला लावला. त्या दोन पट्ट्या आमच्याकडेच होत्या, खालच्या फळीवर, दुसऱ्या कंपनीच्या खोक्यामागे.